निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने रिक्रूटरला लिहायचं पत्र: कॉर्पोरेट ॲडमिनमधल्या दुसऱ्या नोकरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी 21 वर्षं लष्करात होतो. बाहेर पडल्यावर एका कंपनीत ॲडमिन सांभाळू लागलो आणि अजून तेच करतोय. आमच्याकडे ॲडमिनची जागा निघाली की रिक्रूटर माजी अधिकाऱ्यांची पत्रं माझ्याकडे ढकलतात, सोबत "सर, जरा बघून सांगा ना, हे नक्की काय करायचे?" असा निरोप असतो. त्या निरोपातच सगळी अडचण आहे. पत्र वाचून माणूस नक्की काय करायचा हे कळलेलं नसतं. कोर्समेट आणि ज्युनियर फोनवर तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतोय.

बायोडेटा जोडलेला असताना वेगळं पत्र कशाला?

बायोडेटात तुमच्या नेमणुका असतात आणि त्या रिक्रूटरला कळत नाहीत. 'ॲडज्युटंट' म्हणजे काय, 'टू-आयसी' म्हणजे काय, 'एक्यू' म्हणजे काय, हे त्याने कुठे शिकायचं? पत्र हा दुभाष्या आहे.

पत्र नेमकं कोण वाचतं?

आधी रिक्रूटर वाचतो. बहुधा तो तिशीतला असतो, त्याच्याकडे एकाच वेळी दहा-पंधरा जागा असतात आणि लष्कराशी त्याचा संबंध आलेला नसतो. त्याच्यापुढे कंपनीने दिलेलं कामाचं वर्णन असतं. पत्र वाचताना तो मनात एकच गोष्ट करत असतो: तुमचं नाव पुढे पाठवताना कंपनीतल्या माणसाला कोणती दोन वाक्यं लिहायची, हे शोधत असतो. "23 वर्षं लष्कर, शिस्तप्रिय" हे वाक्य त्याला पाठवता येत नाही, कारण तसे आणखी पाच जण त्याच्या यादीत आहेत. "निवासी वसाहतीची देखभाल आणि सफाईची कंत्राटं चार वर्षं सांभाळली, बिलं स्वतः तपासायचे" हे मात्र तो जसंच्या तसं उचलून पाठवतो. पत्र लिहून झाल्यावर ही दोन वाक्यं त्यात बोट ठेवून दाखवता आली पाहिजेत.

रिक्रूटर तुमच्यासाठी नोकरी शोधत नसतो, हेही ध्यानात ठेवा. त्याला पैसे कंपनी देते, तो कंपनीसाठी माणूस शोधतो. जो रिक्रूटर तुमच्याकडेच नोंदणीचे किंवा 'प्रोफाइल पुढे सरकवण्याचे' पैसे मागतो, त्याचा फोन ठेवून द्यावा.

सुरुवात कशी करावी? माझी सुरुवात चांगलीच आहे असं मला वाटतं.

बहुतेक पत्रांची सुरुवात अशी असते (ही मी तीन-चार पत्रांची मिळून बनवलीये, कुणा एकाची नाही):

"भारतीय लष्करातील 23 वर्षांच्या गौरवशाली सेवेनंतर मी आता कॉर्पोरेट क्षेत्रात पदार्पण करू इच्छितो. नेतृत्व, शिस्त, निष्ठा आणि दडपणाखाली निर्णय घेण्याची क्षमता हे गुण माझ्या अंगी बाणलेले आहेत. मी 800 जवानांचे नेतृत्व केले आहे. आपल्या नामांकित संस्थेत माझ्या अनुभवाला साजेशी कोणतीही जबाबदारी स्वीकारण्यास मी तयार आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण 'कोणतीही जबाबदारी' या दोन शब्दांनी पत्र तिथेच संपतं. रिक्रूटरकडे 'कोणतीही' जागा नसते, एक ठरावीक जागा असते. आणि हे वाचून त्याला पहिली आठवण होते ती सिक्युरिटी हेडच्या जागेची. माजी लष्करी माणूस म्हटलं की त्याची बोटं आपोआप त्या खणाकडे जातात. ते काम वाईट मुळीच नाही, पण तुम्हाला ॲडमिन हवं असेल तर पहिल्या ओळीत 'ॲडमिन' हा शब्द आणि त्या जागेचं नाव यायलाच हवं.

800 जवानांचं काय? हा आकडा तुम्हाला मोठा वाटतो, वाचणाऱ्याला तो बुचकळ्यात टाकतो. कंपनीतल्या ॲडमिन प्रमुखाच्या हाताखाली त्याची स्वतःची माणसं आठ-दहा असतात. बाकीची दोनशे-अडीचशे, म्हणजे सफाईवाले, गार्ड, ड्रायव्हर, कॅन्टीनवाले, ही कंत्राटदाराची असतात. त्यांना तुम्ही थेट हुकूम सोडायचा नसतो.

हे मी आपटून शिकलो. पहिल्याच महिन्यात गेटवरच्या गार्डांची पाळी मी परस्पर बदलली, दोघांची रजा नामंजूर केली आणि एकाला 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणालो. संध्याकाळी एचआरमधल्या कायदा बघणाऱ्या बाईंनी मला खोलीत बोलावून शांतपणे समजावलं. कंत्राटी माणसाची पाळी, रजा आणि शिस्त कंपनीच थेट ठरवायला लागली, तर उद्या तो माणूस 'कंत्राट नावापुरतं होतं, मी कंपनीचाच नोकर आहे' असं म्हणू शकतो, आणि माझी सही असलेला कागद त्याचा पुरावा होतो. जे काय सांगायचं ते कंत्राटदाराच्या सुपरवायझरला सांगायचं. म्हणून हल्ली पत्रात 'मी अमुक इतक्यांना कमांड केलं' हे वाचलं की मला तो महिना आठवतो. माणसं किती होती त्यापेक्षा काम किती होतं, ते लिहा.

लष्करातल्या कामाचं भाषांतर कसं करायचं?

इथेच खरं कष्टाचं काम आहे, म्हणून एक उदाहरण सावकाश सोडवू. एका लेफ्टनंट कर्नलसाहेबांचं पत्र आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केलं होतं. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशील बदलले आहेत. त्यांच्या शेवटच्या दोन नेमणुका स्टेशन हेडक्वार्टरमधल्या होत्या. मूळ पत्रात ओळ होती: "स्टेशनच्या सर्व 'ए' आणि 'क्यू' बाबी यशस्वीपणे हाताळल्या."

मी विचारलं, "साहेब, सकाळी ऑफिसात आल्यावर टेबलावर काय असायचं?"

"क्वार्टर वाटपाच्या फायली. एमईएसकडे गेलेल्या तक्रारी. आणि त्या कॉन्झर्व्हन्सीच्या कंत्राटाची डोकेदुखी."

"डोकेदुखी कसली?"

मग गोष्ट बाहेर आली. स्टेशनच्या सफाईचं कंत्राट होतं. कंत्राटदार महिन्याला 62 माणसांचं 26 दिवसांचं बिल लावायचा, म्हणजे 1,612 मनुष्यदिवस. साहेबांना संशय आला, कारण रस्त्यावर तेवढे झाडू दिसत नव्हते. त्यांनी पहाटे साडेसहाची हजेरी आपल्या सुभेदाराकडून स्वतंत्र वहीत घ्यायला सुरुवात केली. महिनाअखेर वहीत 1,431 मनुष्यदिवस भरले. फरक 181 चा, म्हणजे बिलातला साधारण 11 टक्के भाग जास्तीचा. त्यांनी तेवढी रक्कम कापली, कंत्राटदाराने वर तक्रार केली, पण वहीपुढे त्याचं काही चाललं नाही. पुढच्या तीन महिन्यांत फरक 2 टक्क्यांच्या आत आला.

मी म्हणालो, "साहेब, कॉर्पोरेट ॲडमिन म्हणजे निम्मं हेच. आणि ही गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही."

त्यांना वाटत होतं, झाडूवाल्यांच्या हजेरीबद्दल लेफ्टनंट कर्नलने काय लिहायचं! पण कंपनीतही हाउसकीपिंगचं बिल हजेरीशी ताडून बघणं हे ॲडमिनचं रोजचं काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते नीट होत नाही. हजेरीचं मशीन दाराशी असतं, पण एकाचं कार्ड दुसरा लावतो, आणि बिल मात्र पूर्ण येतं.

हीच पद्धत बाकीच्या कामांना लावा. नेमणुकीचं नाव बाजूला ठेवा आणि टेबलावर काय यायचं ते आठवा. क्वार्टरमास्टर होतात, तर भांडार, वार्षिक मोजणी, कालबाह्य मालाची विल्हेवाट, रेशन आणि इंधनाचे हिशेब हे तुमचं काम होतं. मेस सेक्रेटरी होतात, तर कॅफेटेरियाचा मेन्यू, दर आणि तक्रारी यातलं तुम्हाला कळतं. ही नेमणूक लोक संकोचून वगळतात आणि नेमकी तीच कामाला येते. एमटी बघत होतात, तर गाड्यांची उपलब्धता, ड्रायव्हरांच्या पाळ्या, अपघाताचे कागद हे तुम्ही केलंय.

उलट दिशेचा अतिरेकही टाळा. बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरने स्वतःला 'सीईओ दर्जाचा अनुभव' लिहिलं की वाचणारा हसतो. सीईओला धंदा आणावा लागतो, तुम्हाला लागला नाही. जे केलं त्याचं साधं नाव लिहा.

गोपनीयतेचं काय? काय लिहू नये?

युनिटचं नाव, ठिकाण आणि काळ ही तीन एकत्र कधीच लिहू नका. 'उत्तरेकडच्या डोंगराळ भागात' एवढं पुरतं. संख्या गोळाबेरीज करून लिहा: 'सुमारे 400 निवासस्थानं', 'शंभराच्या आसपास गाड्या'. शस्त्रं, साठे, तैनाती यांचा उल्लेख ॲडमिनच्या पत्रात मुळात येतोच कशाला? शासकीय गुप्तता कायदा, 1923 निवृत्तीनंतरही लागू राहतो. शंका आली तर ती ओळ गाळा, त्यावाचून काही अडत नाही.

गणवेशातला फोटोही नको. पदकं बायोडेटाच्या शेवटी एका ओळीत.

हुद्दा कसा लिहायचा?

'लेफ्टनंट कर्नल, मग नाव, मग (निवृत्त)' असा. हुद्द्याला लागून 'निवृत्त' लिहीत नाहीत, कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा नव्हे. पत्राखाली एकदा लिहा. मजकुरात स्वतःचा हुद्दा पुन्हापुन्हा आणू नका, आणि ईमेलचा पत्ता 'कर्नलसाहेब'छाप असेल तर आधी बदला.

माझा बॉस माझ्यापेक्षा 12 वर्षांनी लहान असेल. पत्रात 'मी लवचीक आहे' असं लिहू का?

लिहू नका. 'मी लवचीक आहे' म्हणणारा माणूस बहुधा नसतो, हे रिक्रूटरलाही माहीत आहे. पण भीती खरी आहे. तुमचं पत्र वाचताना कंपनीतल्या माणसाच्या मनात 'याला काम येईल का' हा प्रश्न फारसा नसतो. 'हा माझं ऐकेल का, आणि जे याच्या हाताखाली नाहीत त्यांच्याकडून हा काम करून घेईल का' हा असतो.

याचं उत्तर तुमच्याकडे आहे, फक्त ते तुम्हाला उत्तर वाटत नाही. स्टेशनमधल्या इमारतींची दुरुस्ती एमईएस करते. गॅरिसन इंजिनीयर तुमच्या हाताखाली नसतो, त्याची साखळी वेगळी असते. त्याच्याकडून पावसाळ्याआधी छपरं करून घ्यायची तर हुकूम चालत नाही. अंदाजपत्रकाच्या मागे लागावं लागतं, त्याच्या जेईसोबत गच्चीवर चढावं लागतं, प्राधान्य ठरवावं लागतं. खर्चाच्या प्रस्तावावर वित्त सल्लागाराची सहमती लागते, आणि तो नागरी अधिकारी तुमच्या खांद्यावरचे तारे मोजत नाही, तुमचं समर्थन वाचतो. त्याने फाइल तीनदा परत पाठवली आणि चौथ्यांदा मंजूर केली, तर ती गोष्ट दोन ओळींत लिहा. कंपनीतल्या फायनान्सच्या माणसाला ती वाचून तुम्ही लगेच ओळखीचे वाटाल.

जे मला येत नाही ते पत्रात कबूल करावं का?

एखादी गोष्ट, सरळ शब्दांत. भाडेकराराच्या वाटाघाटी, प्रति सीट खर्चाचं गणित, कंत्राटदाराच्या पीएफ-ईएसआयच्या चलनांची तपासणी, यातलं काहीतरी तुम्ही केलेलं नसतं. निवृत्तीआधी डीजीआरतर्फे मिळणारा 24 आठवड्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम तुम्ही केला असेल तर तो इथे, या उणिवेच्या शेजारी येऊ दे, पत्राच्या माथ्यावर नको. संस्थेचं नाव मोठं असलं तरी असा कोर्स केलेले बरेच जण असतात. कोर्समध्ये एखादा प्रकल्प ॲडमिनशी जवळचा केला असेल तर त्याचं नाव लिहा.

पूर्ण पत्र दिसेल का?

पत्र अर्थात इंग्रजीत जाईल. पण आधी ते मराठीत लिहा, असं मी सगळ्यांना सांगतो. सर्व्हिस रायटिंगची सवय आपल्याला इंग्रजीत आहे, त्यामुळे इंग्रजीत बसलो की हात आपोआप परिच्छेदांना क्रमांक घालतो आणि 'उपरोक्त संदर्भांकित' छापाचं लिहू लागतो. मराठीत लिहिताना तो सापळा नसतो. त्या साहेबांचं शेवटचं पत्र असं झालं. जागा होती तीन इमारती आणि सुमारे 1,800 कर्मचारी असलेल्या कंपनीत ॲडमिन प्रमुखाची, आणि रिपोर्टिंग फायनान्स प्रमुखाला:

> विषय: ॲडमिन प्रमुख या जागेसाठी अर्ज – वसाहत व्यवस्थापन आणि सेवा कंत्राटांचा अनुभव, 15 दिवसांत रुजू होऊ शकतो
>
> नमस्कार,
>
> आपण जाहीर केलेल्या ॲडमिन प्रमुखाच्या जागेसाठी लिहीत आहे. मी लष्करातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. शेवटची चार वर्षं माझ्याकडे एका लष्करी वसाहतीचं प्रशासन होतं: सुमारे 400 निवासस्थानं, कार्यालयं, एक अतिथिगृह आणि सफाई, कचरा व वाहतुकीची कंत्राटं. आपल्या जाहिरातीतल्या कामांपैकी बहुतेक कामं मी या काळात रोज केली.
>
> एक उदाहरण देतो. सफाई कंत्राटाचं बिल मी स्वतंत्र हजेरीशी ताडून पाहू लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात बिलातली 11 टक्के आकारणी जास्तीची निघाली. रक्कम कापली, हजेरीची पद्धत कंत्राटदाराच्या सुपरवायझरसोबत बसून नव्याने ठरवली. तीन महिन्यांत फरक 2 टक्क्यांखाली आला. कंत्राटदार बदलावा लागला नाही.
>
> इमारतींची दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे होती आणि खर्चाला वित्त सल्लागाराची सहमती लागे. दोघेही माझ्या अखत्यारीत नव्हते. अतिथिगृहाच्या वीजवाहिन्या बदलण्याचा प्रस्ताव तीनदा परत आला. चौथ्यांदा मी वर्षभराच्या बिघाडांची नोंद जोडून खर्च दोन टप्प्यांत मांडला आणि तो मंजूर झाला. फायनान्स प्रमुखांना रिपोर्टिंग असलेल्या जागेत हा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.
>
> व्यावसायिक जागांच्या भाडेकराराचं काम मी केलेलं नाही. निवृत्तीपूर्व व्यवस्थापन अभ्यासक्रमात त्याची तोंडओळख झाली, बाकी इथे शिकावं लागेल.
>
> मी सेवामुक्त झालो असून 15 दिवसांत रुजू होऊ शकतो. बायोडेटा जोडला आहे. फोनवर बोलायला दुपारी 3 नंतरची वेळ सोयीची पडेल.
>
> आपला,
> लेफ्टनंट कर्नल (नाव) (निवृत्त)

'तीनदा परत आला' आणि 'मंजूर झाला' यांच्या मध्ये काय झालं, ते पहिल्या मसुद्यात नव्हतं. साहेबांनी लिहिलं होतं, 'अथक पाठपुराव्याने मंजूर करून घेतला.' मी विचारलं, अथक म्हणजे काय केलं? तेव्हा बिघाडांची नोंद आणि दोन टप्पे बाहेर आले.

'कंत्राटदार बदलावा लागला नाही' हे वाक्य त्यांनी स्वतः घातलं. मला ते सगळ्यात आवडतं. कंत्राटदाराला हाकलून देणं सोपं असतं. नवीन माणसं उभी राहीपर्यंत दोन महिने स्वच्छतागृहांच्या तक्रारी ॲडमिनलाच झेलाव्या लागतात.

पगार आणि पेन्शन यांचा उल्लेख करावा का?

पत्रात नको. विचारतील तेव्हा बोला, आणि विचारतीलच. फॉर्मवर 'सध्याचं सीटीसी' हा रकाना असतो. तिथे पेन्शनचा आकडा टाकू नका. शेवटचं एकूण मासिक वेतन गुणिले 12 लिहा आणि जागा असेल तर 'निवास व वैद्यकीय सोयी वेगळ्या' असं जोडा. पेन्शन ही झालेल्या नोकरीची आहे, येणाऱ्या नोकरीची सबसिडी नव्हे. "सर, तुम्हाला पेन्शन आहेच की" असं कुणी म्हणालं, तर "या जागेचा पगार काय ठरलाय?" एवढंच हसून विचारायचं.

सीटीसीचा आकडाही नीट वाचा. 24 लाख म्हणजे दरमहा 2 लाख हातात, असा हिशेब आपल्यातले पुष्कळ जण करतात. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि वर्षअखेरचं व्हेरिएबल धरलेलं असतं. आणखी एक गंमत पहिल्या मार्चमध्ये कळते. पेन्शन आणि पगार दोन्ही करपात्र, दोन्ही एकाच माणसाचे. कंपनी फक्त आपल्या पगारावर कर कापते, पेन्शन देणारं कार्यालय फक्त पेन्शनवर. दोन्हीकडे खालच्या टप्प्यापासून मोजतात. बेरीज वरच्या टप्प्यात जाते आणि उरलेला कर तुम्हाला एकरकमी भरावा लागतो, वर व्याज. रुजू होतानाच अकाउंट्सला पेन्शन सांगून त्यावरचा करही पगारातून कापायला लावता येतो.

अजून सेवेत आहे, मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज टाकलाय. आत्ताच लिहू का?

चाचपणी करा, पण तारखेचं वचन देऊ नका. मंजुरीचा कागद हातात नसताना '1 तारखेपासून रुजू' लिहिणारे रिक्रूटरच्या वहीत कायमचे लाल होतात. वरिष्ठ हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांना पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. तुम्ही त्यात येत असाल तर अर्ज वेळेत करा आणि रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगा. डीजीआर आणि एडब्ल्यूपीओकडची नोंदणीही याच काळात उरकून टाका.

पत्र पाठवून दहा दिवस झाले, उत्तर नाही.

एकदा आठवण करा, दोन ओळींत. दुसऱ्यांदा नको. जागा थांबली असेल, आतल्या कुणाला दिली असेल. कळवण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. आपल्याला डीओ लेटरला उत्तर येण्याची सवय असते, म्हणून हे जास्त लागतं.

फोन आला तर पहिल्यांदा काय विचारतात?

पत्रात जे उदाहरण दिलंय त्यावरूनच विचारतात, म्हणून उदाहरण निवडताना हे डोक्यात असू द्या. त्या साहेबांना फायनान्स प्रमुखांनी विचारलं, "हाउसकीपिंगची तीन कोटेशन आली आहेत. सगळ्यात खालचं किमान वेतनाच्या फक्त 8 टक्के वर आहे. घ्याल?"

लष्करात वाढलेला माणूस 'एल-वन' म्हणजे सर्वांत कमी दर हे धर्मवाक्य मानतो. साहेबांची जीभही तिकडेच वळली होती. पण आदल्या संध्याकाळी आम्ही कागदावर हिशेब मांडला होता. किमान वेतनावर कंत्राटदाराला ढोबळमानाने पीएफचे 13 टक्के, ईएसआयचे 3.25 आणि बोनसचे 8.33 घालावे लागतात. तिथेच साडेचोवीस टक्के झाले. रजेवरच्या माणसाचा बदली, गणवेश, झाडू-फिनेल आणि त्याचा स्वतःचा नफा अजून बाकीच आहे. म्हणजे 8 टक्क्यांत काम घेणारा एकतर माणसं कमी पाठवणार, नाहीतर पीएफ बुडवणार. त्याने बुडवलेला पीएफ शेवटी मुख्य मालक म्हणून कंपनीच्या गळ्यात येतो.

साहेबांनी हे सांगितलं आणि पुढे म्हणाले, "बिलासोबत मागच्या महिन्याची चलनं आणि त्यातली नावं आपल्या हजेरीशी जुळल्याशिवाय मी बिल पुढे पाठवणार नाही."

पलीकडून प्रश्न आला, "आणि कंत्राटदार म्हणाला की पैसे मिळाल्याशिवाय चलन भरता येत नाही, तर?"

"चलनाची मुदत पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत असते. म्हणून चालू महिन्याच्या बिलाला मागच्या महिन्याचं चलन मागायचं. तेवढं खेळतं भांडवल त्याच्याकडे नसेल, तर तो आपल्या तीन इमारतींना पुरणार नाही."